रक्तात पालाश भरपूर

आमच्या अंबिकेशी संसार करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं. डब्यावर 'तूर' लिहिलं असेल तर आत तूरच पाहिजे. मी एकदा तूरडाळ संपली म्हणून त्या डब्यात मूगडाळ ओतून ठेवली, तर बाईसाहेबांनी दोन दिवस माझ्याशी तोंड उघडलं नाही. "डब्यावर एक आणि आत एक, हे माझ्या घरात चालायचं नाही," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, अगं, डाळच आहे ना, विष नाही. त्यावर नुसतं चष्म्यावरून बघितलं. तिचं ते बघणं ज्यांनी तिच्या इंग्रजीच्या तासाला बसून अनुभवलंय, त्या पोरी आज आज्या झाल्या तरी विसरल्या नसतील.

शाळेतून निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता बाई घरी बसेल, चार गोष्टी करू, संध्याकाळी फिरायला जाऊ. कसलं काय! शहरातल्या एका दवाखान्यात रुग्णांच्या मदतीसाठी एक टेबल मांडलेलं असतं, तिथं जाऊन बसायला लागली. खेड्यातली माणसं येतात, हातात लॅबचा इंग्रजी रिपोर्ट, चेहऱ्यावर भीती. ही तो मराठीत लिहून देते. पुढं पुढं लोक फोनवर फोटो पाठवायला लागले. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात आता भाजी फोडणीला टाकलेली असते आणि इकडं हिचा फोन टिंग टिंग वाजत असतो. करपलेली भाजी खाऊन खाऊन मी बेजार झालोय, पण बोलायची सोय नाही.

लिहिण्याची तिची एक पद्धत आहे आणि ती ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. तपासणीचं नाव कागदावर जसं छापलंय तसंच, इंग्रजी अक्षरांत. त्यापुढं आकडा, जसाच्या तसा. त्यापुढं युनिट, म्हणजे तो आकडा कशात मोजलाय ते, जसंच्या तसं. त्यापुढं लॅबनं दिलेली सामान्य हद्द, दशांशासकट. मराठीत करायचं ते बाकीचं: वरचा मजकूर, खालच्या सूचना, शेरे. मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली तिनं स्वतः समजावून सांगितलेलं. रेघेच्या वर तिचा एक शब्द नसतो.

मी आपला शहाणपणा करायला गेलो होतो एकदा. म्हटलं, "हद्द तेरा ते सतरा अशी सरळ लिही की. ते पॉइंट अमुक न पॉइंट तमुक कशाला? शेतकऱ्याला काय करायचंय?"

"का? ते मशीन तुम्ही बसवलंय का?"

"अगं, सोपं करून सांगावं माणसाला."

"सोपं रेघेखाली करते ना मी. प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, मशीन वेगळं, म्हणून हद्दही थोडी इकडंतिकडं. बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी, पोराची वेगळी. त्यांच्या आकड्याला त्यांचीच हद्द लावायची. हा कागद घेऊन माणूस उद्या डॉक्टरसमोर उभा राहणार आहे. डॉक्टरनं माझं मराठी वाचत बसायचं का?"

मी स्वतः शेतकी खात्यात माती परीक्षणाला होतो. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मातीचे कागद केले, त्यामुळं आकड्याचं महत्त्व मला कळत नव्हतं असं नाही. पण माती एक हंगाम चुकली तर पुढच्या हंगामाला सुधारते. तेवढा फरक माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नव्हता.

त्या दिवशी रविवार होता. उन्हं तापायला लागली होती. सकाळचा चहा झाला होता आणि अंबिका मेथी निवडत बसली होती. मला लासूर स्टेशन या गावाहून आप्पासाहेबांचा फोन आला. आप्पासाहेब म्हणजे माझे नोकरीच्या काळातले जुने दोस्त, मोसंबीची बाग असलेले शेतकरी. त्यांना साखरेचा आणि ब्लडप्रेशरचा त्रास. महिनाभरापासून पायांवर सूज होती आणि अंगात ताकद नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासायला लावलं होतं.

"साहेब, रिपोर्ट आला रात्री!" आवाज खोल गेलेला, पण खूश होते. "जमीन एकदम कसदार निघाली बघा!"

"कसली जमीन?"

"आवो, माझी! ह्या हाडामासाची! नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश तर लईच भरपूर. सोडियम कमी, म्हंजे चोपण नाय, खारवट नाय. आता बोला!"

मी खो खो हसलो. माझ्याच खात्यातली भाषा, मातीतल्या खतांची! त्यांचा पुतण्या कारभारी लासूरला खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. चुलत्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्यानं दुकानातलं माती परीक्षणाचं छापील कार्ड घेऊन त्यावर चुलत्याचं रक्त भरून दिलं होतं. रिपोर्टात जिथं जास्त, तिथं 'भरपूर'. जिथं कमी, तिथं 'कमी'. आकडे नाहीत, युनिट नाही, हद्द नाही.

"निसतं पायात जीव नाय," आप्पासाहेब म्हणाले. "सकाळी बाजेवरनं उठता उठंना. सरू म्हणती अशक्तपणा हाय. शहाळी आणत्यात लोक भेटाया, न ही आपल्या बागेतल्या मोसंबीचा रस देती तांब्या तांब्यानं. रात्रीच्या रिपोर्टानंतर तर लईच. लागू पडला म्हनती."

मी म्हटलं, प्या प्या, मजा करा. फोन ठेवून हसत हसत अंबिकेला सांगायला गेलो, की ऐक, आमच्या आप्पासाहेबांच्या रक्तात पालाश भरपूर निघालंय.

तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"पालाश म्हणजे पोटॅशियम ना हो?"

"हो. मग?"

"रक्तात जास्त? आणि पायात जीव नाही?" ती उठलीच. "अहो, हसताय काय! किडनी थकली की पोटॅशियम बाहेर पडत नाही. रक्तात साचतं. फार साचलं तर हृदयाचे ठोके चुकतात. माणूस बोलता बोलता जातो. आणि नत्र म्हणजे काय लिहिलं असेल त्यानं? युरिया! युरियाही जास्त! लावा फोन, आत्ताच्या आत्ता लावा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर मी शेतकऱ्यांना सांगत आलो, पालाश भरपूर असलं की जमीन चांगली. ते आप्पासाहेबांना मीच शिकवलेलं. आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, मी त्यांना रस प्या म्हणून सांगितलं होतं.

फोन लागला. अंबिकेनं माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आप्पासाहेब, मी अंबिका. आधी रस बंद करा. शहाळं बंद करा. गाडी करा आणि इथं शहरात दवाखान्यात या, आत्ता."

"का वो वैनी? रिपोर्ट तर चांगला हाय."

"ते मातीचं कार्ड आहे. मातीत जास्त चांगलं असतं, रक्तात नसतं. मला मूळ रिपोर्ट बघायचाय. पण तुम्ही त्यासाठी थांबू नका, निघा."

मग आप्पासाहेब हळूच म्हणाले, "वैनी, राग मानू नका. पण कागद बघितल्याबिगर म्या वावरात मूठभर खत टाकलं नाय कधी. तुमच्याच मालकानं शिकवलं. मला कागद दावा. मराठीत. माझ्या डोळ्यानं बघतो, मंग निघतो."

डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या! म्हणे कागद दावा! पण ती तिडीक कुणावर काढणार? तो धडा माझाच होता.

मूळ रिपोर्टाचा कागद रात्रीच डॉक्टरच्या कंपाउंडरकडं दिलेला, दवाखाना रविवारमुळं बंद, डॉक्टर वैजापूरला लग्नाला. राहिला होता तो कारभारीच्या फोनमधला फोटो. अंबिकेनं कारभारीला फोन लावून तो मागवला. आला तो असा की बघून रडू यावं. दुकानाच्या गल्ल्यावर कागद वाकडा ठेवलेला, मधोमध घडी, त्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि उजवीकडचा भाग कापलेला. युनिट गायब, हद्द गायब.

अंबिका फोटो मोठा करकरून बघत होती. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो.

"युरिया दिसतोय, शहाण्णव. क्रिएटिनिन तीन पॉइंट चार, स्पष्ट आहे. हे कारभारीनं कार्डात लिहिलंच नाही!"

"कसं लिहील? मातीत क्रिएटिनिन नसतं," मी म्हटलं. "कार्डावर जागाच नाही त्याला."

"आणि हे बघा. युरिक ॲसिड आणि पोटॅशियम, एकाखाली एक. घडी बरोबर दोन्हीच्या मधून गेलीय. एक आकडा फ्लॅशनं खाल्ला. एकच दिसतोय, सहा पॉइंट नऊ, तोही दोन ओळींच्या मधोमध."

"मग?"

"मग काय! सहा पॉइंट नऊ युरिक ॲसिडचा असेल तर बहुतेक लॅबच्या हद्दीत बसतो. पोटॅशियमचा असेल तर..."

"कारभारीनं पालाश भरपूर लिहिलंय ना! म्हणजे पोटॅशियमचाच!"

"त्यानंही हाच घडी पडलेला कागद बघून लिहिलंय. ह्या घडीवरून. त्याचीही ओळ चुकली असेल. बाजूचं युनिट आणि हद्द दिसली असती तर एका क्षणात कळलं असतं कुठला आकडा कुणाचा."

तिनं कारभारीला सांगितलं, स्टेशनाजवळच्या कलेक्शन सेंटरवर जा, त्यांच्याकडून नवा प्रिंट काढून घे, कागद टेबलावर सपाट ठेव, दारातल्या उजेडात, फ्लॅश बंद, चारही कोपरे आले पाहिजेत. पोरगं गाडीला किक मारताना ऐकू आलं. आता फोटो येईपर्यंत काय करायचं?

मी पुन्हा आप्पासाहेबांना फोन लावला. आता त्यांना धाप लागली होती.

"आप्पासाहेब, पालाशच जास्त आहे," मी ठोकून दिलं. "सहा पॉइंट नऊ. निघा."

"वैनींना द्या."

मी अंबिकेकडं बघितलं. हात जोडले खुणेनं. म्हटलं, एवढं एक वाक्य बोल. 'हो' म्हण, बास.

"वैनी, ते सहा नऊ पालाशचंच हाय ना? तुमी वाचलं ना?"

"नाही आप्पासाहेब. दिसत नाहीये. फोटो खराब आहे. पण क्रिएटिनिनचा आकडा दिसतोय, तो जास्त आहे, म्हणजे किडनी थकलीय. तेवढ्यावरच निघायला पाहिजे तुम्ही. गाडीत बसा, वाटेत कागद पाठवते."

"ते क्रिटी... ते कारभारीनं काहून लिवलं नाय मंग?"

"त्याच्या कार्डावर जागा नव्हती."

"कागद येऊ द्या वैनी."

फोन बंद झाला आणि मी अंबिकेवर असा ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "काय बाई आहेस का कोण आहेस! एक शब्द खोटा बोलली असतीस तर आत्ता तो माणूस गाडीत असता! तुझ्या त्या रेघेपायी मरेल तो! मरेल!"

ती खुर्चीत बसली होती. चेहरा पांढराफटक. "मी अंदाजानं सांगायला लागले ना, तर माझ्या कागदाला काही अर्थ राहणार नाही. त्यांनी मला 'वाचलं का' असं विचारलं. मी वाचलं नव्हतं." मग बारीक आवाजात म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मला भीती वाटत नाही?"

राग होताच. पण तिचा तो चेहरा मला बघवेना. मी आत जाऊन पाणी आणलं. तिनं घेतलं नाही.

मग सरूबाईंचा, आप्पासाहेबांच्या बायकोचा, फोन आला. "वैनी, हे बोलताना मधीच थांबायलेत. हाताला मुंग्या येत्यात म्हनत्यात. काय करू वो?"

"सरूबाई, गाडी दारात आणून उभी करा. ते नाही म्हणू देत, गाडी उभी करा. पोटात आता काही देऊ नका."

"रस बी नाय?"

"रस तर अजिबात नाही."

तेवढ्यात टिंग वाजलं. फोटो! ह्या वेळी पोरानं चोख काम केलं होतं. सपाट कागद, चारही कोपरे, प्रत्येक रकाना. अंबिकेनं एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि मला ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

Uric Acid — 8.1 — mg/dL — 3.5–7.2
Serum Potassium — 6.9 — mmol/L — 3.5–5.1

सहा पॉइंट नऊ पोटॅशियमचाच होता. खाली लॅबचा शेरा होता.

"पूर्ण रिपोर्ट नंतर लिहिते," ती म्हणाली. कागद ओढला आणि वर आप्पासाहेबांचं नाव घालून पोटॅशियमची ओळ जशीच्या तशी उतरवली. मी म्हटलं, आकडे तरी मराठीत घाल! "नाही. छापलेत तसेच." मग शेरा मराठीत: 'ही तपासणी पुन्हा करून खात्री केली आहे. डॉक्टरांचा सल्ला ताबडतोब घ्यावा.' मग आडवी रेघ. रेघेखाली मोठ्या अक्षरांत: 'आप्पासाहेब, चौथ्या रकान्यात लॅबनं चांगल्याची हद्द दिली आहे. तिच्या शेवटी काय आहे ते बघा. मग तुमचा आकडा बघा. आणि गाडीत बसा.'

फोटो काढला, पाठवला. कारभारीलाही पाठवला. पलीकडं बघितल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. फोन वाजेना. मी देवासमोर जाऊन उभा राहिलो, काय म्हणायचं तेही सुचेना. नुसता उभा राहिलो.

फोन वाजला.

"वैनी," आप्पासाहेब म्हणाले. एकेक आकडा थांबून थांबून वाचत होते. "तीन पाच... ते पाच एक. म्हंजे पाच एकच्या पुढं नगं. न माझं सहा नऊ."

"हो."

"वावरात जास्त झालं तर पाणी देऊन धुऊन काढता येतं. ह्येला काय?"

"ह्यालाही आहे. मशीनवर रक्त धुतात. तुम्ही या फक्त."

"सरू," फोनच्या बाहेर वळून त्यांचा आवाज आला, "धर मला. चल."

आम्ही रिक्षा करून दवाखान्यात जाऊन थांबलो. अंबिकेनं रिक्षात हेंदकळत पूर्ण रिपोर्ट लिहून काढला. सगळ्या ओळी. अक्षर वाकडं झालं, पण एक टिंब सुटलं नाही. मी मध्ये मध्ये फोन लावत होतो. कुठं आलात? मिटमिट्यापाशी. कुठं आलात? पडेगावला गर्दीत अडकलोय. मग सरूबाई फोनवर नुसत्या रडायलाच लागल्या. आप्पासाहेब हाकेला ओ देत नव्हते. मी छावणीच्या बाजूच्या रस्त्याकडं डोळे लावून उभा होतो आणि मला त्या माणसाच्या बागेत खाल्लेल्या हुरड्याची आठवण येत होती. असं रडू आलं की तोंड फिरवून उभा राहिलो.

गाडी आली. स्ट्रेचर आधीच बाहेर आणून ठेवलं होतं, अंबिकेनं आत सांगून ठेवलं होतं. तिनं कागद इमर्जन्सीतल्या डॉक्टरबाईच्या हातात दिला. बाईनं रकाने बघितले, एकच ओळ बघितली, आणि कागद हातात ठेवूनच आत ओरडली. कुणी छातीला तारा लावल्या, कुणी हृदयाची पट्टी काढली, कुणी पुन्हा रक्त घेतलं. पट्टी बघून डॉक्टरबाईनं लगेच शिरेतून इंजेक्शन द्यायला सांगितलं. मराठी तिनं वाचलंच नाही, वाचायची गरजच पडली नाही. मग डायलिसिसला नेलं आणि दार लागलं.

कारभारी बाहेर भिंतीला टेकून बसला होता. खिशातून तेच मातीचं कार्ड डोकावत होतं. मला वाटलं एक ठेवून द्यावी. मी पुढं झालोही होतो.

"काकू," तो अंबिकेला म्हणाला, "चुलत्याला कळावं म्हणून लिवलं वो. त्यांना पालाश कळतं. पोटॅशियम कसं कळंल?"

माझा हात खाली आला. काय बोलणार त्याला! अंबिका त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली. "कळावं म्हणूनच लिहिलंस, माहितीय मला. पण समजावणं वेगळं आणि कागद बदलणं वेगळं. समजावताना चुकलास तर शेजारी खरा कागद असतो. तो बदललास की काहीच उरत नाही, बाळा." पोरगं गुडघ्यात डोकं घालून रडलं.

दुपार उलटल्यावर डॉक्टरबाई बाहेर आली. म्हणाली, ठोके लायनीवर आलेत, शुद्धीवर आहेत, पण किडन्या बऱ्याच थकल्या आहेत, डायलिसिस चालू ठेवावं लागेल. मग सरूबाईंकडं वळून, जाता जाता, सगळ्यांना सांगतात तसं, "आता फळांचे रस, शहाळं, काही द्यायचं नाही हं, आजी," असं म्हणून निघून गेली.

सरूबाई तिथंच खाली बसल्या. मोसंबी सोलून सोलून त्यांची बोटं पिवळट झाली होती. त्यांनी ती पदरात झाकून घेतली. मग उठून अंबिकेपाशी आल्या.

"वैनी, तुमच्यापाशी तो आख्खा कागद हाय ना? मला वाचता येत नाय. सगळा वाचून दावा. एक बी ओळ सोडू नका."

अंबिकेनं त्यांच्याकडं बघितलं. तिला कळलं काय पाहिजे ते. मलाही कळलं. तिनं कागद उलगडला, सरूबाईंचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. तपासणीचं नाव. आकडा. युनिट. हद्द. मग दुसरी ओळ. बोट एकेक रकाना सरकत होतं. पोटॅशियमची ओळ आली तशी सरूबाईंनी श्वास रोखला. अंबिकेनं तीही तशीच वाचली, जराही आवाज न बदलता. मग शेरा वाचला. मग रेघ आली.

"संपला?"

"संपला. रेघेपर्यंत लॅबचं."

"माझ्या रसाचं कुठं हाय?"

अंबिकेला सगळं माहीत होतं. रसानं काय केलं असेल, शहाळ्यानं किती भर घातली असेल, त्या रात्रीच्या तांब्यांनी काय झालं असेल, हे मला कळतं तर तिला कळत नसेल? पण कागदात नसलेलं एक अक्षर तिनं कधी वाचलं नव्हतं आणि आजही वाचणार नव्हती.

"कुठंच नाही, सरूबाई."

"कुठंच नाय?"

"एका ओळीत नाही. पुन्हा वाचू का?"

सरूबाईंनी मान हलवली. बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं. अंबिकेनं चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.